खाड्यांचा हिशेब

गिटहब ही प्रोग्रामर मंडळींची जागा. प्रोग्राम लिहायचा, तिथे ठेवायचा, इतरांनी त्यात दुरुस्त्या करायच्या, असा तिथला व्यवहार. प्रत्येक सभासदाच्या पानावर वर्षभराच्या दिवसांची एक पट्टी असते, छोट्या चौकटींची. ज्या दिवशी काम जमा झालं त्या दिवसाची चौकट हिरवी होते, काम भरपूर असेल तर गडद हिरवी. पूर्वी या पट्टीखाली आणखी दोन आकडे झळकत: सध्याची स्ट्रीक आणि आजवरची सर्वांत लांब स्ट्रीक. म्हणजे एकही खाडा न पडता सलग किती दिवस काम जमा होत आलं, त्याची मोजणी. मे २०१६ मध्ये गिटहबने हे आकडे एके दिवशी काढून टाकले. आधी कुणाला कळवलं नव्हतं. हिरवी पट्टी होती तिथेच राहिली; गेले ते फक्त आकडे.

संशोधकांना असं घबाड क्वचितच सापडतं. एरवी ‘स्ट्रीकमुळे लोक जास्त काम करतात का?’ हे विचारलं, की मुळात जास्त काम करणारेच स्ट्रीकच्या मागे लागत असतील, ही शंका आडवी येते. इथे माणसं तीच, काम तेच, आणि काउंटर मात्र अचानक गायब. लुकास मोल्डन, मार्कुस श्ट्रोमायर आणि योहानेस वाक्स या तिघांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. लांबलांब स्ट्रीक सोडून दिल्या गेल्या आणि पुढे त्या दुर्मीळ झाल्या. शनिवार-रविवारचं काम घटलं. सलग शंभर दिवस काम करण्याचा जाहीर पण केलेल्यांपैकीही काहींनी तो अर्ध्यावर सोडला.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो आणखी एक निष्कर्ष. दिवसभरात नेमकी एकच नोंद झाली आहे, असे दिवस काउंटर गेल्यावर कमी झाले. त्या एकेकट्या नोंदींतल्या काही अर्थातच खऱ्या कामाच्या असणार. पण काउंटर गेल्याबरोबर त्या कमी व्हाव्यात, याचा अर्थ त्यांतल्या बऱ्याच केवळ चौकट हिरवी करण्यापुरत्या होत्या, असा निघतो. रविवारी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडायचा, एखाद्या ओळीतलं स्पेलिंग सुधारायचं, जमा करायचं, झोपायचं. काउंटरच्या लेखी हा दिवस आणि आठ तास डोकं लावून एखादा अवघड दोष शोधलेला दिवस यांत काडीचाही फरक नाही. दोघांनाही एकच गुण.

म्हणून काउंटर वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच गिटहबवर त्याच काळात जॉन रेसिगचं उदाहरण घडलं. jQuery हा वेबसाइट बनवणाऱ्यांच्या घरोघरी पोहोचलेला प्रोग्राम याच माणसाने लिहिलेला. नोकरी सांभाळून स्वतःचे छोटे प्रकल्प शनिवार-रविवारी करायचे, असा त्याचा बेत होता आणि तो काही जमत नव्हता. आठवड्याभराच्या खंडानंतर कुठे होतो तेच आठवायला अर्धा शनिवार जायचा, आणि एखादा शनिवार-रविवार घरच्या कामात गेला की दोन आठवड्यांची खीळ. मग त्याने रोज थोडं लिहायचं ठरवलं, आणि २०१४ मध्ये त्याबद्दल लेख लिहिला. त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. काम मध्यरात्रीच्या आत व्हायला हवं. ते उपयोगाचं हवं; ओळींची मांडणी सारखी करणं, समास ठीकठाक करणं असली रंगरंगोटी मोजायची नाही. लिहिलेलं सगळ्यांना खुलं हवं. पळवाट कुठून फुटणार हे त्याला आधीच दिसलेलं होतं आणि ती त्याने नियमातच बुजवली. त्याचं काम पुढे सरकलं.

रेसिगला काउंटरने काय दिलं? रोजचा ‘आज करू की उद्या?’ हा वाद मिटवून दिला. ज्या कामात अडचण सुरुवात करण्याची असते, एकदा बसलं की हात आपोआप चालू लागतो, तिथे सलग दिवसांचा आकडा फार उपयोगी पडतो. नवी भाषा शिकताना रोजचे दहा शब्द, गळ्याचा रियाज, रक्तदाबाची गोळी, झोपण्यापूर्वी दोन पानं वाचणं. कामं छोटी आहेत, रोज केल्याने शरीराचं काही बिघडत नाही आणि झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही इतकं सरळ आहे. उलट जिथे अडचण सुरुवातीची नाही, दर्जाची किंवा मेहनतीची आहे, तिथे तोच आकडा माणसाला हळूहळू किमान मापाकडे ओढतो. कारण आकडा जिवंत ठेवायला लागतं ते किमान मापच.

ब्रिटिश धावपटू रॉन हिल हे याचं टोकाचं आणि काहीसं गमतीदार उदाहरण. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारा हा माणूस डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षांहून जास्त, रोज धावला. रोज धावला म्हणजे किमान एक मैल, ही व्याख्या त्याची स्वतःची. पायाच्या अंगठ्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यावरही कुबड्या घेऊन त्याने तो मैल पुरा केला. त्याला धावणं म्हणायचं का, हा प्रश्न रास्त आहे. शेवटी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धावताना छातीत दुखू लागलं, तेव्हा त्याने थांबायचं ठरवलं. हिलचं कौतुक वाटावं असंच आहे, पण डॉक्टरने विश्रांती सांगितलेल्या माणसाने घ्यावा असा हा धडा नव्हे.

आता काउंटरच्या पोटातला हिशेब पाहू. तो समजला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

सलग दिवस मोजणारं कुठलंही अॅप मुळात दोनच गोष्टी लक्षात ठेवतं: शेवटचं काम कोणत्या तारखेला झालं आणि सध्याचा आकडा किती. आजची तारीख शेवटच्या तारखेच्या लगेच पुढची असेल तर आकड्यात एक मिळवायचा. मध्ये एक जरी दिवस रिकामा गेला असेल तर आकडा पुसून पुन्हा एकपासून सुरुवात. मागच्या वर्षभरात काय झालं, हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याची नजर शेवटच्या खाड्यापलीकडे जात नाही.

समजा, एखादी व्यक्ती इतकी नियमित आहे की शंभरातले पंच्याण्णव दिवस ती आपलं काम करतेच. अशी माणसं आपल्या ओळखीत फार नसतात. तिचे वर्षाला साधारण ३४७ दिवस भरतील आणि अठराएक खाडे पडतील. कुठलाही शिक्षक तिला पैकीच्या पैकी देईल. पण काउंटरला विचारा. सलग तीस दिवस एकही खाडा न पडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ ला ०.९५ ने एकोणतीस वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे २१ टक्के. सलग शंभर दिवसांची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, जेमतेम ०.६. वर्षभर इतकं चोख काम करूनही या बाईंच्या काउंटरवर बहुतेक वेळा ९, १४, ३, २२ असले किरकोळ आकडे दिसत राहणार, आणि वर्षातून अठरा वेळा तो त्यांना शून्य दाखवणार. त्यांचं वर्ष कसं गेलं याचं खरं वर्णन ३४७ हा आकडा करतो. काउंटरवरचा ३ करत नाही.

याच हिशेबात छोटा बदल करू. तीस दिवसांत दोन खाडे माफ, असा नियम आधीपासून असेल, तर त्याच बाईंची महिना यशस्वी होण्याची शक्यता २१ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर जाते. त्यांच्या वागण्यात तसूभरही फरक पडलेला नाही, फरक पडला तो मोजपट्टीत. (हे गणित प्रत्येक दिवस सुटा धरून केलेलं आहे. प्रत्यक्षात खाडे जोडीने येतात: ताप आला की तीन दिवस घेऊन जातो, लग्नघर असलं की चार. तेव्हा माफीचे दिवस लागोपाठ वापरता यायला हवेत, ‘आठवड्याला फक्त एक’ अशी अट घालून चालत नाही.)

शून्य दिसल्यावर माणूस काय करतो, हाही अभ्यासाचा विषय झालेला आहे. जॅकी सिल्व्हरमन आणि अॅलिक्झांड्रा बराश यांनी सात प्रयोगांतून दाखवलं, की आधीचं प्रत्यक्ष वागणं तेच असलं तरी ते पडद्यावर कसं मांडलंय यावर पुढचं काम करायचं की नाही हे ठरतं. कामगिरी तीच, पण एकाच्या नोंदीत स्ट्रीक अखंड दिसते आणि दुसऱ्याच्या नोंदीत तुटलेली दिसते. तुटलेली पाहणारे पुढे कमी प्रमाणात टिकतात. त्यांच्या मते याचं कारण असं, की एकदा नोंद सुरू झाली की ती सांभाळणं हेच वेगळं उद्दिष्ट होऊन बसतं. ते उद्दिष्ट बुडालं की मूळ कामातलीही गोडी जाते. खाडा स्वतःच्या चुकीने पडला असं वाटलं तर हा फटका जास्त बसतो, आणि तुटलेली स्ट्रीक दुरुस्त करायची सोय असली तर तो सौम्य होतो.

डाएट करणाऱ्यांना हे नवीन नाही. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी आहारावरच्या अभ्यासांत एक चमत्कारिक गोष्ट टिपली होती. पथ्यावर असलेल्यांना प्रयोगात आधी मिल्कशेक प्यायला लावला, की नंतर ते आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खात. पथ्य मोडलंच आहे ना, मग आता काय राहिलंय! स्ट्रीक तुटल्यावर आठवडाभर त्या अॅपकडे न फिरकणारा माणूस याच जातीचा. एका दिवसाच्या खाड्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. त्यापुढच्या सहा दिवसांनी बिघडलं.

एका दिवसाने खरंच काही बिघडत नाही का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायचं. ते काम किती अंगवळणी पडलं हे रोज नोंदवलं जाई. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘सवय लागायला ६६ दिवस लागतात’ असं जे जिथेतिथे सांगितलं जातं ते इथून आलेलं. खरं तर ६६ हा मधला आकडा. लोकांचा पल्ला, नोंदींवरून गणिताने पुढे वाढवून काढलेला, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. पण आपल्या विषयापुरती कामाची गोष्ट तिसरीच: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटचालीवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. शरीर आणि मन शून्यावर जात नाहीत, शून्यावर जातो तो आकडा.

म्हणजे सुट्टी द्यायलाच हवी. अवघड आहे ते ती कशी द्यायची हे ठरवणं. सरसकट ढिलाई केली तर काउंटरचा दरारा संपतो. ‘जमेल तसं करा’ असा नेम आजवर कुणाकडून पाळला गेलेला नाही.

इथे मारिसा शरीफ आणि सुझॅन शू यांचा २०१७ चा प्रयोग मला फार सूचक वाटतो. काम मुद्दाम कंटाळवाणं निवडलेलं: वेबसाइटवर आपण यंत्र नाही हे सिद्ध करायला जी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करावी लागतात, तसली ३५ कोडी रोज सोडवायची, आठवडाभर. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा एक डॉलर आणि आठवड्याचं उद्दिष्ट गाठलं तर वर पाच डॉलर. एका गटाचं उद्दिष्ट होतं सातही दिवस. दुसऱ्याचं सातांपैकी पाच दिवस. तिसऱ्या गटाला सांगितलं, उद्दिष्ट सात दिवसांचंच आहे, पण अडीअडचणीसाठी दोन दिवस राखीव आहेत. लागले तर वापरा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं गणित एकच आहे. दोघांनाही बक्षिसाला पाच दिवस पुरेसे. तरी निकाल असा लागला: सात दिवसवाल्यांपैकी २१ टक्क्यांनी उद्दिष्ट गाठलं, पाच दिवसवाल्यांपैकी २६ टक्क्यांनी आणि राखीव दिवसवाल्यांपैकी ५३ टक्क्यांनी. नुसतं सोपं उद्दिष्ट दिल्याने फारसं काही साधलं नाही. राखीव ठेव दिल्याने यश दुपटीवर गेलं. कारण ठेव असली की माणूस ती मोडायला कचरतो; ‘आज खरंच गरज आहे का, उद्या जास्त अडचण आली तर?’ असं मनाशी म्हणतो आणि बसतो. आणि मोडावीच लागली तर नेम मोडल्याची टोचणी लागत नाही, कारण ती मोडणं नियमातच होतं. हा प्रयोग एका आठवड्याचा आणि पैसे देऊन केलेला आहे, त्यावरून वर्षभराच्या व्यायामाबद्दल छातीठोक सांगता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. सुट्टी आधी दिलेली हवी, मोजकी हवी आणि वापरली की कमी झालेली दिसायला हवी.

भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोचा ‘स्ट्रीक फ्रीज’ याच घडणीचा आहे. शिकताना मिळवलेल्या रत्नांच्या बदल्यात तो आधी घेऊन ठेवायचा, खाडा पडला की तो आपोआप खर्च होतो आणि आकडा टिकतो. याच्या उलट सोय म्हणजे तुटलेली स्ट्रीक नंतर पैसे भरून जोडून घेणं. स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी एकमेकांना रोज फोटो पाठवून जपलेली स्ट्रीक अशी परत मिळवता येते. तिथे सुट्टीवर जाणारी शाळकरी मुलं आपला पासवर्ड मित्राला देऊन जात, म्हणजे आकडा पडू नये. गप्पा मारायला कुणी नाही, तरी गप्पांचा हिशेब चालू! आधी दिलेली ठेव आणि नंतर विकलेली माफी दिसायला सारख्या असतात. पण दुसरीत कंपनीला तुमच्या घाबरण्यातून पैसे मिळतात, तेव्हा ती तुमची भीती कमी करायला कशाला बसेल?

आपल्याकडच्या व्रतांची रचना या बाबतीत अॅपवाल्यांपेक्षा शहाणी होती, असं मला वाटतं. सुतक आलं की घरच्यांनी देवपूजा करायची नाही. शेजारचं कुणी तरी येऊन दिवा लावून जातं आणि नेम मोडला असं कुणी म्हणत नाही. सोळा सोमवारांत अडचणीचा सोमवार आला तर अनेक घरांत उपास धरतात पण तो मोजत नाहीत. सोळा भरेपर्यंत पुढे जातात. आणि मुख्य म्हणजे ते सोळाच असतात. मग उद्यापन. न संपणारा आकडा व्रताला माहीत नाही.

तेव्हा एखादा काउंटर आपण स्वतः मांडायचा झाला तर कसा मांडावा, ते एका उदाहरणात पाहू. चाळिशीतल्या कुणा एकाला पळायला सुरुवात करायची आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नवख्यांसाठीचा प्रसिद्ध ‘काउच टू फाइव्ह-के’ कार्यक्रम आठवड्याला तीनच दिवस पळायला सांगतो, आणि दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा. तो मोकळा दिवस आळसाचा नव्हे. स्नायू, कंडरा आणि सांधे त्या दिवशी भरून निघत असतात. नवख्याचा दम स्नायूंपेक्षा आणि हाडांपेक्षा लवकर वाढतो, म्हणून आपल्याला अजून जमतंय असं त्याला वाटत असतं आणि नडगी दुखायला लागते ती अशाच वेळी. या माणसाच्या हातात रोजचा काउंटर दिला तर तो त्याला नेमक्या चुकीच्या दिवशी बाहेर काढणार. अॅपलच्या घड्याळाने २०१५ पासून रोज तीन वर्तुळं पुरी करायला लावली, आणि विश्रांतीसाठी ती थांबवण्याची सोय आली २०२४ च्या वॉचओएस ११ मध्ये. मधली नऊ वर्षं आजारी माणसाचंही वर्तुळ अपुरंच दिसत होतं.

म्हणून पहिला बदल: दिवस मोजायचे नाहीत, ठरलेली पळणी मोजायची. सोमवार, बुधवार, शनिवार. मंगळवार काउंटरच्या जगात अस्तित्वातच नाही, त्यामुळे तो चुकूही शकत नाही. बारा आठवड्यांची मुदत धरली तर एकूण ३६ पळणी. त्यांतली चार राखीव. ही राखीव पळणी कारण न विचारता वापरायची. कारण विचारायला लागलं की माणूस स्वतःचाच वकील होतो आणि प्रत्येक खाडा ‘योग्य कारणाचा’ ठरवतो. पाऊस होता, ऑफिसात उशीर झाला, कंटाळा आला, सगळ्यांची किंमत एकच: एक राखीव खर्च. याला एकच अपवाद. ताप, दुखापत, घरातलं कुणी रुग्णालयात, अशी मोठी अडचण आली तर संपूर्ण मोजणी थांबवायची, त्या दिवसाची तारीख लिहायची आणि पुन्हा सुरू करायचीही तारीख तिथेच लिहायची. परतीची तारीख नसलेली स्थगिती म्हणजे सोडून देणंच.

आता हे चालवून पाहू. पहिले चार आठवडे सुरळीत गेले: बारा पळणी, राखीव चार. पाचव्या आठवड्यात ऑफिसच्या गडबडीत बुधवार आणि शनिवार बुडाले. रोजच्या काउंटरवर इथे शून्य दिसलं असतं. आपल्या वहीत दिसतं: पंधरापैकी तेरा, राखीव दोन शिल्लक, आणि पुढचं पळणं सोमवारी. सोमवारी तो उतरला, पण अंतर मुद्दाम निम्मं ठेवलं. खाड्यानंतरचं पहिलं पळणं छोटं ठेवायचं, हा नियम आधीच लिहिलेला होता, नाही तर राहिलेलं भरून काढायच्या भरात लोक स्वतःला दुखवून घेतात. नवव्या आठवड्यात आणखी एक बुडालं. बाराव्या आठवड्याअखेर ३३ पळणी झाली, एक राखीव उरलं, मोजणी पुरी.

या वहीत एक आकडा आणखी टिपावा असं मी म्हणेन: खाड्यानंतरच्या पुढच्याच ठरलेल्या दिवशी तो किती वेळा परतला. वरच्या उदाहरणात तीन खाडे पडले आणि त्यांतल्या दोनांनंतर तो पुढच्याच वेळी परतला. हा आकडा अॅप सहसा ठळक दाखवत नाहीत, आणि पुरावा मात्र त्याच्याच बाजूने आहे. केटी मिल्कमन, अँजेला डकवर्थ आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१ हजारांहून जास्त सभासदांवर चोपन्न वेगवेगळ्या चार-चार आठवड्यांच्या योजना एकाच वेळी तपासल्या. २०२१ मध्ये त्याचे निकाल आले. सगळ्यांत वरचढ ठरलेली योजना सलग येणाऱ्यांना बक्षीस देणारी नव्हती. व्यायामाचा ठरलेला दिवस बुडवल्यावर पुन्हा आलेल्यांना ती किरकोळ बक्षीस देत होती, अक्षरशः काही सेंटचं.

काउंटर बिघडू लागल्याच्या खुणाही वहीतच दिसतात, फक्त आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत: काम किती वाजता झालं आणि किती झालं. वेळ रात्री नऊवरून अकरा, मग पावणेबारा अशी सरकत चालली, आणि त्याच वेळी कामाचं माप आकसत चाललं, तर तुम्ही काम करत नाही आहात, आकडा पोसत आहात. भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत हे लवकर कळतं: तो नव्या धड्याऐवजी येत असलेला सोपा धडाच पुन्हा पुन्हा करू लागतो. तिसरी खूण शारीरिक कामातली. दुखत असताना ‘आज थांबू का?’ हा प्रश्न पडला आणि उत्तर देताना दुखण्याच्या आधी आकडा आठवला, तर त्या दिवशी राखीव खर्च करावं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. बहुतेक अॅप फोनच्या स्थानिक तारखेवर दिवस मोजतात. मुंबईहून अमेरिकेला जाताना तारीख लांबते, धडा करायला उलट जास्तच वेळ मिळतो. येताना मात्र निम्मा-अधिक दिवस हवेतच जातो आणि विमानातून उतरेपर्यंत एक तारीख निसटलेली असू शकते. परतीच्या प्रवासाआधी एक राखीव हाताशी ठेवावं किंवा विमानतळावरच धडा उरकावा.

बारा आठवडे संपल्यावर लगेच पुढची मोजणी सुरू करू नये. पुढचे दोन आठवडे वही बंद ठेवून पळावं आणि शेवटी आठवून पाहावं, सहापैकी किती झाली. पाच-सहा झाली असतील तर पळण्याला आता काउंटरची गरज उरलेली नाही. तो दुसऱ्या एखाद्या, अजून सुरूच न झालेल्या कामाला लावता येईल. दोन-तीनच झाली असतील तर पुन्हा बारा आठवडे, पुन्हा चार राखीव. आणि एकही झालं नसेल, तर मागचे बारा आठवडे नेमकं काय चाललं होतं ते पाहायला वही पुन्हा उघडावी, आणि आधी वेळेचा रकाना वाचावा.